वहीत वीस हजारांचा तोटा दिसतोय, क्लबला ईमेल काय लिहू?

पत्र: नमस्कार ताई, मी डोंबिवलीतल्या एका बॅडमिंटन क्लबचा खजिनदार आहे, हौसेने करतो, नोकरी सांभाळून. जानेवारीत आमची दोन दिवसांची स्पर्धा झाली. एन्ट्री फी माझ्याच जीपेवर आणि थोडी रोख आली, एकूण ५८,६००. खर्च वहीत लिहीत गेलो तो ७८,६०० झाला. क्लबने आधी २५,००० अॅडव्हान्स दिला होता म्हणून निभावलं. आता ग्रुपवर एकजण म्हणतो ड्रॉ बघून हिशोब केला तर ५७,६००च होतात, मग हजार जास्त कुठून आले. दुसरा म्हणतो वीस हजार तोटा झालाच कसा. तिसरा विचारतो स्पॉन्सरचे १५,००० कुठे गेले (ते थेट क्लबच्या खात्यात आलेत). अध्यक्ष म्हणाले सगळ्यांना एक ईमेल टाक आणि विषय संपव. वहीच्या पानांचे फोटोच पाठवून देऊ का? पानं आणि ड्रॉ तुम्हाला जोडलाय. – एक खजिनदार

उत्तर: नमस्कार. फोटो अजिबात पाठवू नका. वही तुम्ही नीट ठेवलीय, मी पानं दोनदा बघितली, दोन्ही बेरजा बरोबर आहेत. पण वहीत पैसे जसे आले आणि जसे गेले त्या क्रमाने लिहिलंय, आणि मेंबरना विचारायचंय ते वेगळंच, की या स्पर्धेची फी किती झाली आणि या स्पर्धेला खर्च किती आला. तुमचे ५८,६०० म्हणजे तुमच्याकडे आलेला प्रत्येक रुपया, आणि ७८,६०० म्हणजे तुमच्याकडून गेलेला प्रत्येक रुपया. त्यातले काही रुपये फी नाहीतच आणि काही रुपये खर्च नाहीतच, आणि जे खर्च आहेत त्यातलं एक बिल अजून वहीत पूर्ण आलेलं नाहीये. तेवढं वेगळं काढलं आणि स्पॉन्सरचे पैसे धरले की वीस हजारांचा तोटा राहत नाही, स्पर्धा उलट थोडी फायद्यात निघते. ते कसं ते आधी तुम्हाला पटू दे, मग ईमेल लिहू.

आधी फी घेऊ. इथे सुरुवात जीपेच्या स्टेटमेंटपासून करू नका, ड्रॉपासून करा, कारण ड्रॉचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे आणि तुमच्या ग्रुपवरच्या माणसाने केला तोच गुणाकार अजून दहाजण करणार आहेत. पुरुष दुहेरीत ३२ जोड्या, मिश्र दुहेरीत १६, म्हणजे ४८ जोड्या हजाराप्रमाणे ४८,०००, आणि पंधरा वर्षांखालच्या एकेरीत २४ मुलं चारशेप्रमाणे ९,६००. एकूण ५७,६००. म्हणजे त्या मेंबरचा आकडा बरोबर आहे आणि तो बरोबर आहे हे ईमेलमध्ये फीच्या पहिल्याच ओळीत मान्य करून टाका, अर्धा संशय तिथेच जातो.

आता ५७,६०० पासून तुमच्या ५८,६०० पर्यंत एकेक पाऊल टाकत यायचं. तुमच्या वहीत दोन जोड्या अशा आहेत ज्यांनी पैसे भरले पण ड्रॉ पडायच्या आधीच माघार घेतली, त्यांचे २,००० आले आणि परत गेले, ड्रॉवर त्यांचं नाव नाही. एका जोडीत दोघांनीही एकमेकांना न विचारता पूर्ण हजार-हजार पाठवले, म्हणजे हजार जास्त आले. हे झाले वरचे ३,०००. आणि कमी आले ते असे, की मिश्र दुहेरीतल्या एका जोडीने अजून फी दिलेलीच नाही, आणि पुरुष दुहेरीत एका जोडीपुढे तुम्ही ‘हॉलवाले, फी नाही’ असं लिहिलंय. हे दोन हजार वजा. ५७,६०० मध्ये तीन मिळवा, दोन वजा करा, ५८,६०० येतात. तो जो जास्तीचा हजार ग्रुपवर गाजतोय तो हा असा आलाय, आणि गंमत बघा, फरक नुसता हजाराचा दिसतो पण त्याच्या आत चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच फरक छोटा आहे म्हणून सोडून द्यायचा नसतो, वरचे आणि खालचे आकडे एकमेकांना झाकून टाकतात.

वॉकओव्हरवाल्या जोडीबद्दल तुम्ही वहीत प्रश्नचिन्ह काढलंय. त्यांचं नाव ड्रॉमध्ये होतं, फी आली, ते खेळायला आले नाहीत. ती फी जमाच धरा, परत करायची नाही, कारण त्यांची जागा अडली, ऐनवेळी दुसऱ्या कुणाला घेता आलं नाही. माघार ड्रॉच्या आधी की नंतर, एवढाच नियम लावा आणि तो सगळ्यांना सारखा लावा.

ज्याचे हजार जास्त आलेत त्याला ते आजच परत पाठवा, ईमेलच्या आधी. मग ईमेलमध्ये सरळ लिहिता येईल की ५८,६०० आले, ३,००० परत केले, राहिले ५५,६००. हा तुमचा फीचा खरा आकडा. हॉलवाल्यांच्या जोडीचं मात्र अध्यक्षांना विचारून घ्या, की फुकट एन्ट्री कुणी कबूल केली होती. त्यांनी किंवा कार्यकारिणीने केली असेल तर तसं लिहा, आणि कुणीच केली नसेल, नुसतं तिथल्या तिथे ‘राहू दे’ असं झालं असेल, तर आधी त्यांची संमती घ्या. खजिनदाराने स्वतःच्या अधिकारात फी माफ केलीय असं दिसता कामा नये, ते तुमच्यावरच येतं.

आता खर्च, आणि खरी गडबड इथेच आहे.

तुमच्या ७८,६०० मध्ये माघार घेतलेल्या जोड्यांना परत दिलेले २,००० आहेत. ते खर्च नाही, फी परत गेली, आणि ती आपण वर जमेतून आधीच वजा केली. इथे पुन्हा धरली तर एकच रक्कम दोनदा कापली जाते. मग हॉलचं डिपॉझिट ५,०००, ते परत मिळणार आहे, अजून मिळालं नाही एवढंच. हॉलवाल्यांनी दिवा फुटला, मॅट फाटली असं काही सांगून त्यातून कापलं तर जेवढं कापलं तेवढाच खर्च. तिसरं, नव्या नेटचे २,६००. तुम्ही त्याच दुकानातून त्याच दिवशी ट्रॉफीबरोबर घेतल्या म्हणून स्पर्धेच्या पानावर आल्या, पण त्या नेट क्लबच्या रोजच्या कोर्टला लागल्यात असं तुम्हीच बाजूला लिहिलंय. मग तो क्लबचा नेहमीचा खर्च, स्पर्धेचा नाही. ही तीन काढली की ६९,००० राहतात.

यात एक मिळवायचंय. ट्रॉफीवाल्याचं बिल ८,४०० चं आहे आणि तुम्ही ६,००० दिलेत. बाकीचे २,४०० दिले नाहीत म्हणून वहीत नाहीत, पण ट्रॉफ्या वाटून झाल्या, खर्च झालेला आहे. हा हौशी खजिनदारांकडून सगळ्यात जास्त राहून जाणारा आकडा, कारण वहीत न दिलेले पैसे दिसतच नाहीत. मग दोन महिन्यांनी तो दुकानदार फोन करतो आणि ‘हिशोब तर झाला होता ना’ असं सगळे विचारतात. त्यामुळे ईमेल पाठवायच्या आधी हॉल, ट्रॉफी, बॅनर, नाश्ता, पंच, सगळ्यांना एकदा फोन करून विचारा की काही बाकी आहे का. अर्ध्या तासाचं काम आहे. मिळून झाले ७१,४००.

आणि शेवटचं म्हणजे शटल. यावर थोडं थांबते, कारण बॅडमिंटनच्या स्पर्धेत हॉलच्या भाड्याखालोखाल पैसा इथे जातो, तुमच्या वहीत तर पुढेच गेलाय, आणि संशयही इथेच जास्त घेतला जातो. तुम्ही पिसांचे १५ बॉक्स घेतले, १,३०० ला एक, १९,५०० झाले. पैकी तीन बॉक्स सील न फोडलेले क्लबच्या कपाटात आहेत, त्यांचे ३,९००. ते क्लबच्या रोजच्या खेळात वापरले जाणार, मग त्यांचा भार या स्पर्धेवर का टाकायचा. स्पर्धेचा शटल खर्च १२ बॉक्सचा, १५,६००. पण सावध, फक्त सीलबंद बॉक्सच शिल्लक धरा. अर्धे वापरलेले, पीस मोडलेले शटल पिशवीत भरून ‘शिल्लक’ दाखवू नका, त्याची किंमत कुणी देणार नाही.

आता कुणी म्हणालं की बारा बॉक्स म्हणजे १४४ शटल, एवढे कसे संपले, तर उत्तर ड्रॉमध्येच आहे. नॉकआउटमध्ये प्रत्येक मॅच एकाला बाहेर काढते आणि शेवटी एकच उरतो, म्हणून जेवढ्या एन्ट्री त्याहून एक कमी मॅच, मग बाय कितीही असू देत. ३२ जोड्यांच्या ३१, १६ च्या १५, २४ मुलांच्या २३, एकूण ६९, त्यातली एक वॉकओव्हर, म्हणजे ६८ मॅच झाल्या. एका मॅचला सरासरी दोन शटलच्या किंचित वर पडले. पहिल्या फेरीत एखाद-दोन शटलमध्ये भागतं, पण सेमीफायनल-फायनलला बेस्ट ऑफ थ्री खेळताना चारपाच सहज जातात, त्यामुळे हा आकडा अगदी रास्त आहे. चार किंवा पाचची सरासरी निघाली असती तर मी म्हटलं असतं, कपाट पुन्हा बघा आणि टेबलवर शटल कोण देत होतं ते विचारा. हा ताळा तुम्हाला पाठ असू दे, ईमेलमध्ये लांबण नको, एक वाक्य पुरे.

तर ७१,४०० मधून कपाटातले ३,९०० वजा करून स्पर्धेचा खर्च ६७,५००. फी ५५,६००. फीपेक्षा खर्च ११,९०० ने जास्त. आणि स्पॉन्सरने दिले १५,०००. म्हणजे ३,१०० उरले. ती राहिलेली जोडी हजार देईल तेव्हा ४,१००.

स्पॉन्सरचे पैसे फीमध्ये मिसळून ‘एकूण जमा ७०,६००’ असं एकच लिहू नका, मोह होईल कारण मग खर्च एकदम भागलेला दिसतो. पण लोकांना फीचंच विचारायचंय, आणि पुढच्या वर्षी तो स्पॉन्सर नसेल तर काय होईल हे या ११,९०० च्या ओळीतूनच कळतं. ती ओळ दिसू दे, तिच्याखाली स्पॉन्सर, आणि त्याखाली शिल्लक.

ईमेलच्या आधी एक पडताळणी करायची, ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण पैसे तुमच्या खासगी खात्यात आलेत. हिशोब दुसऱ्या वाटेने करून तोच आकडा येतो का ते बघायचं. क्लबने २५,००० दिले, ५८,६०० आले, ७८,६०० गेले, म्हणजे आज तुमच्याकडे क्लबचे ५,००० असायला हवेत, रोख आणि खात्यातले मिळून. खरंच मोजा. नसतील तर ईमेल थांबवा आणि फरक शोधा, बहुतेक वेळा एखादी रोख फी लिहायची राहिलेली असते किंवा चहाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिलेले असतात. असतील तर पुढे जा, जास्तीचे हजार परत केले की ४,०००, ट्रॉफीवाल्याचे २,४०० दिले की १,६००, डिपॉझिट आलं की ६,६००. हे ६,६०० तुम्ही क्लबला परत देणार. मग क्लबच्या बाजूने बघा, २५,००० दिले आणि ६,६०० परत आले, १८,४०० गेले. त्यात २,६०० च्या नेट मिळाल्या आणि ३,९०० चे शटल कपाटात आहेत. उरले ११,९००. वर आपण फी आणि खर्चाच्या बाजूने आलो तेव्हाही हेच ११,९०० आले होते. दोन वाटांनी एकच आकडा आला की झोप लागते, आणि नाही आला तर कुठल्या तरी ओळीत चूक आहेच, मग ती कितीही लहान का दिसेना.

आता ईमेल. मी असा लिहिला असता, तुमच्या पद्धतीने बदला:

> विषय: जानेवारी स्पर्धेचा हिशोब – फी ५५,६००, खर्च ६७,५०० (३१ जानेवारीपर्यंत)
>
> सर्व सभासदांना नमस्कार,
>
> आपल्या स्पर्धेची एन्ट्री फी ५५,६०० रुपये जमा झाली आणि स्पर्धेचा खर्च ६७,५०० रुपये झाला. फीपेक्षा खर्च ११,९०० ने जास्त आहे. स्पॉन्सरकडून १५,००० आले ते थेट क्लबच्या खात्यात जमा आहेत. त्यामुळे स्पर्धेतून क्लबकडे ३,१०० रुपये शिल्लक राहतात.
>
> फी कशी झाली: ड्रॉप्रमाणे ४८ जोड्या आणि २४ मुलं, म्हणजे ५७,६००. त्यातून एका जोडीची फी यायची आहे (१,०००) आणि एका जोडीला कार्यकारिणीच्या संमतीने फी नव्हती (१,०००). राहतात ५५,६००. माझ्याकडे प्रत्यक्ष ५८,६०० आले होते, कारण दोन जोड्यांनी ड्रॉआधी माघार घेतली आणि एकांनी चुकून दुप्पट भरले. हे ३,००० परत केले आहेत.
>
> खर्च कशावर झाला:
> हॉल भाडं – १८,२००
> शटल (१२ बॉक्स) – १५,६००
> रोख बक्षिसं – १२,०००
> ट्रॉफी आणि मेडल – ८,४००
> पंचांचं मानधन – ६,०००
> नाश्ता, चहा, पाणी – ५,२००
> बॅनर, छपाई, प्रथमोपचार – २,१००
> एकूण – ६७,५००
>
> हॉल भाड्यात रविवारी दोन कोर्ट दोन तास जास्त लागले त्याचे १,४०० आहेत. शटलचे १५ बॉक्स घेतले होते, तीन सीलबंद बॉक्स क्लबच्या कपाटात आहेत, त्यांचे ३,९०० या खर्चात धरलेले नाहीत. स्पर्धेत ६८ मॅच झाल्या.
>
> अजून व्हायचं आहे: ट्रॉफीचे २,४०० द्यायचे आहेत (वरच्या खर्चात धरलेत). हॉलचं डिपॉझिट ५,००० परत यायचं आहे. एका जोडीची फी १,००० यायची आहे, ती आली की शिल्लक ४,१०० होईल.
>
> क्लबने मला २५,००० अॅडव्हान्स दिला होता. त्यातून २,६०० च्या नेट घेतल्या, तो क्लबचा नेहमीचा खर्च असल्याने वर नाही. सध्या माझ्याकडे ४,००० आहेत. ट्रॉफीचे पैसे देऊन आणि डिपॉझिट मिळाल्यावर ६,६०० क्लबच्या खात्यात भरेन.
>
> सगळी बिलं आणि व्हाउचर फाइलमध्ये आहेत. रविवारी सकाळी सात ते नऊ मी कोर्टवर आहे, कुणालाही बघता येतील. काही चुकलेलं दिसलं तर याच ईमेलला उत्तर द्या.
>
> – खजिनदार

बघा, पहिल्या चार वाक्यांत सगळं आलं. अर्धे लोक तेवढंच वाचणार आणि त्यांना तेवढंच पुरेल, खालचं बाकीच्यांसाठी. विषयातच दोन्ही आकडे टाकलेत ते मुद्दाम, कारण मोबाइलवर ईमेल न उघडताही ते दिसतात, आणि सहा महिन्यांनी शोधायला सोपं जातं. आणि तारीख विसरू नका. ‘३१ जानेवारीपर्यंत’ असं लिहिलं की नंतर डिपॉझिट आलं, फी आली, तरी तुमचा ईमेल चुकीचा ठरत नाही, त्या दिवशीचा तो हिशोब बरोबरच राहतो.

ज्या जोडीने फी दिली नाही त्यांची नावं लिहायची नाहीत. ग्रुपवर कुणी विचारलं तरी नाही. त्यांना वेगळा फोन करा, बहुतेक वेळा दोघांनाही वाटत असतं की पार्टनरने भरले. तसंच जीपेचं स्टेटमेंट जोडू नका, त्यात लोकांचे नंबर असतात आणि तुमचे घरचे व्यवहारही असतात. कुणाला पुरावा हवाच असेल तर कार्यकारिणीतल्या एकाला शेजारी बसवा, फीची यादी आणि स्टेटमेंट ओळीला ओळ टिक करून घ्या, त्याची सही घ्या आणि ‘अमुक सभासदांनी पडताळलं’ एवढी ओळ ईमेलमध्ये टाका. एका माणसाच्या सहीचं वजन फोटोपेक्षा जास्त पडतं.

तुमच्या पानांवर पंचांच्या मानधनासमोर आणि चहावाल्यासमोर बिल नाही, नुसता आकडा आहे. चहावाला पक्कं बिल देणार नाही, ठीक आहे, पण व्हाउचर तुम्ही करू शकता. तारीख, रक्कम, कुणाला, कशासाठी, घेणाऱ्याची सही आणि तुमच्याशिवाय आणखी एकाची सही. सहा पंचांचे हजार-हजार असतील तर सहा व्हाउचर करा, एकावर सहाजणांची नावं नकोत. रोख बक्षिसांचंही तसंच, जिंकणाऱ्याची सही हवी, आणि ती आताच घ्या, लोक अजून कोर्टवर भेटतायत. ईमेलमध्ये ‘सगळी बिलं आणि व्हाउचर फाइलमध्ये आहेत’ हे वाक्य ही व्हाउचर तयार झाल्यावरच जाऊ दे.

एक गोष्ट नक्की होणार, कुणीतरी लगेच म्हणणार की मग पुढच्या वर्षी फी वाढवा. हा विषय या ईमेलमध्ये घेऊ नका, तो मिटिंगचा आहे, पण आकडा तुमच्या खिशात असू दे. ११,९०० ची तूट ४८ जोड्यांवर टाकली तर जोडीमागे साधारण अडीचशे होतात. आणि त्याच वेळी हेही सांगा की मुलांच्या गटात मॅच २३ झाल्या आणि फी ९,६०० आली. हॉल आणि शटल मिळून एका मॅचला सुमारे पाचशे पडतात, म्हणजे मुलांच्या मॅचचा नुसता हॉल आणि शटलचाच खर्च ११,५०० च्या आसपास. त्यांच्या गटात मोठ्यांच्या फीतून आणि स्पॉन्सरमधून भर घातली जाते. माझं मत विचाराल तर ती तशीच घालावी, मुलांची फी चारशेच ठेवावी, स्पॉन्सर त्यासाठीच असतो. पण हे क्लबने माहीत असून ठरवावं.

क्लब नोंदणीकृत असेल, आपल्याकडे बऱ्याच क्लबची नोंदणी १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली असते, तर हा ईमेल म्हणजे वार्षिक हिशोब नव्हे. तो ३१ मार्चला बंद होतो आणि ऑडिटरकडे जातो. त्यांना ‘स्पर्धेतून ३,१०० फायदा’ अशी एक ओळ देऊ नका, फी, स्पॉन्सर आणि खर्च तिन्ही पूर्ण रकमा वेगवेगळ्या द्या, बिलांची फाइल द्या, आणि पैसे तुमच्या खात्यातून का फिरले हे एका कागदावर लिहून अध्यक्षांची सही घेऊन ठेवा. पुढच्या स्पर्धेला मात्र क्लबच्याच खात्याचा क्यूआर कोड लावा आणि पैसे पाठवताना दोघांची नावं आणि गट नोटमध्ये लिहायला सांगा, तुमचा निम्मा वेळ ‘हे हजार कुणाचे’ शोधण्यात गेलाय ते पानांवरून दिसतंच.

ईमेल गेल्यावर ग्रुपवर वाद सुरू झाला तर तिथे तुकड्यातुकड्यांनी आकडे टाकत बसू नका, ‘ईमेलला उत्तर द्या, मी सगळ्यांना एकत्र सांगतो’ एवढंच लिहा. दोन दिवस प्रश्न गोळा करा आणि एकदाच उत्तर पाठवा. आणि डिपॉझिट, ट्रॉफीचे पैसे, राहिलेली फी हे तिन्ही मिटलं, तुमचे पैसे क्लबच्या खात्यात भरले, की त्याच ईमेलखाली दोन ओळी टाका: डिपॉझिट पूर्ण मिळालं, ट्रॉफीचं बिल चुकतं केलं, फीचे १,००० आले, क्लबच्या खात्यात अमुक तारखेला ७,६०० भरले, पावती जोडली आहे, शेवटची शिल्लक ४,१००.